केसपेपरच्या खिडकीसमोरची डोकी

ओपीडीचं नियोजन करताना केसपेपरच्या खिडकीचा हिशेब बहुतेक जण असा मांडतात. समजा, सकाळी ९ ते १ या चार तासांत २०० रुग्ण येतात, म्हणजे ताशी ५०. एका केसपेपरला सरासरी एक मिनिट लागतं, म्हणजे खिडकी ताशी ६० जणांना मोकळं करू शकते. मग W = 1/(μ − λ) हे सूत्र लावायचं: ६० वजा ५० म्हणजे १०, तासाचा दहावा भाग म्हणजे ६ मिनिटं. अहवालात ६ लिहून आपण मोकळे होतो. बाहेर मात्र लोक ताटकळत असतात.

सूत्र खोटं नाही. पण रुग्णांचा ओघ सकाळभर सारख्याच सरासरीने चालतो, हे त्यात गृहीत आहे. ओपीडीत असं कधी झालंय? पहिल्या तासात ८०, मग ६०, ४० आणि २० आले, तरी बेरीज २००च. दहा वाजता २० जण खोळंबलेले असतात, अकरालाही तेवढेच आणि बारापर्यंत रांग ओसरते. ज्या ५० वर हिशेब केला, तेवढे रुग्ण एकाही तासात आलेले नाहीत.

जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम वेगळा आहे: L = λW. त्यात सेवेचा दर येतच नाही. जो माणूस १८ मिनिटं थांबतो, तो १८ मिनिटं आपल्या मोजणीतलं एक डोकं असतो. सगळ्यांच्या थांबण्याची बेरीज आणि दर मिनिटाच्या डोक्यांची बेरीज एकच. मोजणीच्या सुरुवातीला आणि शेवटी रांग रिकामी असली, की ओघ कसाही असो, हे गणित तंतोतंत जुळतं.

म्हणून दर १५ मिनिटांनी खिडकीसमोरची डोकी मोजा, खिडकीशी उभा असलेला धरून. सरासरी १५ आली, तर १५ भागिले ५० म्हणजे १८ मिनिटं. अहवालातल्या आकड्याच्या तिप्पट. घोळ होतो तो दोन ठिकाणी. लोक आठपासून उभे असतील, तर मोजणी आठलाच सुरू करायची आणि २०० ला चाराऐवजी पाच तासांनी भागायचं. दुसरं, कंटाळून निघून गेलेले. ते डोक्यांत मोजले जातात, पण केसपेपरच्या संख्येत येत नाहीत. म्हणून λ केसपेपरवरून न काढता दारात येणाऱ्यांवरून काढावा.

लिटलचा नियम प्रतीक्षा किती ते सांगतो, दुसरी खिडकी उघडली तर ती किती घटेल हे सांगत नाही. त्यासाठी सेवेचा दर लागतोच, पण तासागणिक ओघाशी ताडून. वरच्या उदाहरणात दुसरी खिडकी फक्त ९ ते ११ हवी. ती दिवसभर चालवण्यासाठी माणूस मागणारा प्रस्ताव आमच्या मते फेटाळण्याजोगा आहे.