पेन्शन सुरू होण्याआधीची सही

पेन्शन पॉलिसीची मुदत भरली, की विमा कंपनीचा ॲन्युइटीचा फॉर्म येतो. समजा, साठीच्या एका निवृत्त शिक्षकांचे 15 लाख जमले. 5 लाख त्यांनी रोख घेतले आणि उरलेल्या 10 लाखांतून पेन्शन घ्यायचं ठरवलं. निव्वळ स्वतःच्या हयातीपुरती पेन्शन सगळ्यांत जास्त. समजण्यापुरती, महिना 7,000 धरा. पण ते वर्षभरातच गेले तर पेन्शन थांबते आणि मुद्दलही परत येत नाही. मोठा आकडा पाहून बरेच जण इथेच टिक करतात, आणि मागे राहिलेल्या बायकोच्या हाती काहीच पडत नाही. संयुक्त हयातीच्या पर्यायात रक्कम थोडी उतरते, 6,500 समजा, पण त्यांच्या पश्चात पत्नीला तेवढीच आयुष्यभर मिळते. फक्त तिथे 100 टक्के लिहिलंय की 50, ते नीट वाचावं. मुद्दल वारसांना परत देणाऱ्या पर्यायात हप्ता आणखी घटून 5,500च्या आसपास येईल, कारण ते 10 लाख कंपनीला राखून ठेवावे लागतात. पत्नीला दुसरं उत्पन्न नसेल, तर संयुक्त पर्यायच घ्यावा. पेन्शन एकदा सुरू झाली, की पर्याय बदलता येत नाही.