चॅटवरून चहापर्यंत

पेडण्याची माझी मावसबहीण तीन आठवडे डिचोलीच्या एका मुलाशी ॲपवर बोलत होती. त्याने भेटूया म्हटल्यावर तिचा फोन आला, "दादा, जाऊ?"

मी म्हटलं, आधी दहा मिनिटं व्हिडिओ कॉल कर. फोटो कुणाचाही लावता येतो. एकदा नेट गेलं तर समजू शकतो, पण दर वेळी कॅमेरा बिघडत असेल तर भेट नकोच. लग्न झालंय का, काम काय, घरी कुणाला माहीत आहे, हेही कॉलवरच विचारायचं. आपला घरचा पत्ता मात्र इतक्यात द्यायचा नाही.

तो म्हणाला, "गाडीने न्यायला येतो." तिने नको म्हटलं. गाडी त्याची, तर परत कधी यायचं तेही त्याच्याच हातात! म्हापशात सकाळी अकराला, गजबजलेल्या हॉटेलात चहा ठरला, म्हणजे दिवसाउजेडी बसने परतता येईल. व्हॉट्सॲपवरचं लाइव्ह लोकेशन तिने मला आठ तासांसाठी पाठवलं. एका तासाचं निवडलं असतं, तर गप्पा रंगेपर्यंतच बंद पडलं असतं.

दीड वाजता तिचा मेसेज आला: "बसमध्ये बसले. फोटोपेक्षा बुटका आहे, पण बरा आहे."