आठवड्याची शिल्लक आणि रविवारची पंगत

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी सुधारित आहार मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. त्यातील आदर्श ताट दिवसाला दोन हजार उष्मांकांचे, म्हणजेच कॅलरींचे आहे. या आणि अशा सर्वच शासकीय मोजमापांचे एकक ‘दिवस’ हे आहे. शहरी मध्यमवर्गीय कुटुंबाच्या जेवणाचे एकक मात्र ‘आठवडा’ आहे. सोमवार ते शनिवार डबा, घाईचा चहा आणि रात्री उशिराचे जेवण. रविवारी दुपारी मात्र सारे घर एकत्र, दोन-चार पाहुणे आणि भरलेले ताट. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांतून, १८९० मध्ये. तेव्हापासून रविवारची दुपार हीच कष्टकऱ्यांच्या आणि पुढे नोकरदारांच्या घरातील हक्काची पंगत होऊन बसली आहे.

ही पंगत न मोडता वजन ताब्यात ठेवण्यासाठी अलीकडे एक हिशेब लोकप्रिय होत आहे. आठवडाभर थोडे कमी खाऊन उष्मांक ‘शिल्लक’ टाकायचे आणि रविवारी ते खर्च करायचे. कल्पना बँकेतील खात्यासारखी सुटसुटीत आहे आणि तत्त्वतः चुकीचीही नाही. शरीरातील चरबीचा हिशेब रात्री बारा वाजता बंद होत नाही. तो अनेक दिवसांच्या आवक-जावकेवर ठरतो. प्रश्न आहे तो शिल्लक किती टाकायची आणि कशातून, हा. बहुतेकांची चूक नेमकी तेथेच होते.

एका ताटाचा हिशेब

बैठे काम करणाऱ्या ६५ किलो वजनाच्या पुरुषाला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या निकषांनुसार दिवसाला सुमारे २,११० उष्मांक लागतात. त्याचा कामाचा दिवस ढोबळमानाने असा मांडता येईल : न्याहारी ३५०, डबा ७००, दिवसभराचे चहा व संध्याकाळचे फरसाण मिळून ४०० आणि रात्रीचे जेवण ६६०.

आता रविवारचे ताट पाहू. सहा पुऱ्या ५४०, मोठी वाटीभर श्रीखंड ४००, बटाट्याची भाजी १७०, दीड वाटी मसालेभात ३३०, वर थोडा वरण-भात आणि तूप २१०, चार कोथिंबीर वड्या २००, कोशिंबीर व मठ्ठा ८०. एकूण १,९३० उष्मांक. घरोघरच्या हातांनुसार हे आकडे मागेपुढे होतील; पण जवळजवळ निम्मा भार पुरी आणि श्रीखंड या दोनच पदार्थांचा आहे, हे कोणत्याही घरात खरे ठरेल. मटणाच्या घरी ही जागा रश्श्यावरची तर्री आणि त्यासोबत वाढत जाणारा भात घेतो.

नेहमीच्या डब्यापेक्षा हे ताट १,२३० उष्मांकांनी जड आहे. ‘शिल्लक’ टाकणारे सहसा हाच आकडा धरतात आणि आठवड्यात दोन रात्रींचे जेवण सोडून तो भरून काढू पाहतात. मात्र या हिशेबात एक बाब सुटते. तीन वाजता पंगत उठल्यावर संध्याकाळी भूक नसतेच. त्या वेळी फरसाण न घेता नुसता चहा घेतला, तर सुमारे ३०० उष्मांक वाचतात. रात्री पूर्ण स्वयंपाकाऐवजी थोडा ताक-भात किंवा मुगाचे कढण घेतले, तर आणखी ३६०. म्हणजे १,२३० पैकी ६६० उष्मांकांची फेड रविवारीच होते. उरतात ५७०. सहा दिवसांत विभागले, तर दिवसाला ९५.

दिवसाला ९५ उष्मांक म्हणजे तेल लावलेल्या एका पोळीपेक्षाही कमी. दोन वेळच्या चहातील एकेक चमचा साखर कमी केली की ४० वाचतात. मूठभर फरसाणाऐवजी अर्धी मूठ घेतली की ८०. एवढ्यात हिशेब जुळतो, कोणतेही जेवण सोडावे लागत नाही. या व्यवहाराचे मर्म येथे आहे. शिल्लक लहान असावी, रोजची असावी आणि ती चहा-फरसाणातून यावी, जेवणातून नव्हे.

घरातील स्त्रीचा हिशेब वेगळा आहे, याकडे सहसा दुर्लक्ष होते. बैठ्या कामाच्या ५५ किलो वजनाच्या स्त्रीची गरज १,६६० उष्मांकांची, म्हणजे पुरुषापेक्षा ४५० ने कमी. तेच ताट तिच्या खात्यावर अधिक मोठा बोजा टाकते. दोन पुऱ्या आणि अर्धे श्रीखंड कमी केले, तर ताट १,५५० वर येते. तिचा नेहमीचा डबा ५५० चा धरल्यास जादा भार हजाराचा राहतो. हलक्या संध्याकाळ-रात्रीतून ५०० गेले, तर उरलेले ५०० सहा दिवसांत सहज बसतात.

शिल्लक कोठून टाकू नये

उष्मांकांची साठवण शरीरात होते. प्रथिनांची तशी होत नाही. प्रौढ व्यक्तीला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ६५ किलोच्या पुरुषाला सुमारे ५४ ग्रॅम. सोमवार ते शनिवार डाळ, उसळ, दही, अंडी यांत कपात करून रविवारी दुप्पट खाल्ले, तरी मधल्या सहा दिवसांची तूट भरून येत नाही. उलट अशा आठवड्यात स्नायूंची झीज होण्याचा आणि सतत भूक लागण्याचा धोका वाढतो. डब्यातील आमटीची वाटी ही काटकसरीची जागा नव्हे.

दुसरी फसवी जागा उपवासाची. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच पडलेली नाही. साबुदाण्याच्या खिचडीच्या एका बशीत ६० ग्रॅम साबुदाणा, २५ ग्रॅम दाण्याचे कूट आणि दोन चमचे तूप धरले, तरी ४४० उष्मांक होतात. दोन बश्या घेतल्या की नेहमीच्या डब्याहून अधिक. उपवासाचा दिवस शिलकीचा दिवस समजणाऱ्याच्या खात्यावर प्रत्यक्षात काहीच जमा झालेले नसते.

जमा खात्यातील अशी कागदी रक्कम हे या पद्धतीचे सर्वांत मोठे दुखणे आहे. ‘कितीही कमी खाल्ले तरी वजन उतरत नाही’ अशी तक्रार असणाऱ्या लठ्ठ व्यक्तींच्या आहाराची अमेरिकेत तपासणी झाली आणि तिचे निष्कर्ष १९९२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले. या व्यक्ती आपला आहार प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्क्यांनी कमी सांगत होत्या. खोटे बोलण्याचा हेतू असेलच असे नाही; चाखलेला घास, फोडणीचे तेल आणि मुलांच्या ताटातले उरलेले कोणी मोजत नाही. जमेची बाजू फुगलेली आणि खर्चाची आकसलेली असली की खाते तोट्यात जाणारच.

यात भर पडली आहे ती लांबलेल्या शनिवार-रविवारची. महाराष्ट्र शासनाने २९ फेब्रुवारी २०२० पासून आपल्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू केला. अनेक खासगी कार्यालयांत तो आधीपासूनच होता. शुक्रवार रात्रीचे हॉटेल, शनिवारची मिसळ आणि रविवारची पंगत असे तीन खर्च झाले, तर शिलकीसाठी चारच दिवस उरतात आणि दिवसाला ९५ चा आकडा तीनशे-चारशेच्या घरात जातो. तो चहा-फरसाणातून निघत नाही. एका पंगतीसाठी जुळणारा हिशेब तीन पंगतींसाठी जुळत नाही.

सोमवारचा काटा

ही पद्धत पाळणारे अनेक जण सोमवारी सकाळी वजनकाट्यावर उभे राहतात आणि घाबरतात. काटा किलो-दीड किलोने वर गेलेला असतो. मात्र ही चरबी नव्हे. एक किलो चरबी साठण्यास सुमारे ७,७०० जादा उष्मांक लागतात. त्या मानाने रविवारच्या १,२३० उष्मांकांची एक पैही फेडली नाही, तरी जास्तीत जास्त १६० ग्रॅम चरबी होईल. उरलेले वजन पाण्याचे आणि पोटातील अन्नाचे असते. भात-पुरी-साखरेतील पिष्टमय भाग यकृतात व स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपाने साठतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. लोणचे, पापड, फरसाण यांतील मीठही पाणी अडवते. बुधवार-गुरुवारपर्यंत हे पाणी निघून जाते.

सोमवारच्या काट्याला घाबरून केलेला कडक उपास मात्र घातक ठरतो. मंगळवारी संध्याकाळी भूक अनावर होते, वडापावने उपास सुटतो आणि आठवड्याची शिल्लक तेथेच संपते. त्यामुळे तुलना करायची ती शुक्रवारच्या सकाळची शुक्रवारच्या सकाळशी, आणि तीही किमान चार आठवडे. चार शुक्रवारचे आकडे स्थिर असतील, तर खाते जुळले आहे. ते चढते असतील, तर वहीत काहीही लिहिलेले असो, कोठेतरी गळती आहे.

सरासरीची मर्यादा

वजन आठवड्याच्या सरासरीवर चालते. रक्तातील साखर चालत नाही. ती प्रत्येक जेवणानंतर त्या जेवणाच्या प्रमाणात वाढते, आणि आधीचे सहा दिवस कितीही संयमाचे असले, तरी रविवारी दुपारची उसळी त्यामुळे सौम्य होत नाही. वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आणि १३ कोटी ६० लाख मधुमेहपूर्व अवस्थेतील लोक आहेत. शहरी पंगतीत त्यातील कोणीतरी बसलेले असण्याची शक्यता मोठी आहे. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी शिलकीसाठी जेवण सोडले, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. हातापायांना कंप, दरदरून घाम, गोंधळलेपण ही त्याची लक्षणे. अशांनी डॉक्टरांशी बोलल्याखेरीज हा प्रयोग करू नये. उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना मिठाबाबत हेच लागू होते. दिवसभर उपाशी राहून नंतर ताबा सुटेपर्यंत खाण्याचा त्रास ज्यांना पूर्वी झाला आहे, त्यांच्यासाठीही हा मार्ग नाही.

निरोगी माणसाला मात्र या हिशेबातून एक गोष्ट निश्चित हाती लागते. रविवारची पंगत समजतो तेवढी महाग नाही; तिची निम्म्याहून अधिक किंमत त्याच संध्याकाळी चुकती करता येते आणि उरलेली चहाच्या कपात व फरसाणाच्या मुठीत मावते. महाग पडतो तो तिला जोडून आलेला शनिवार आणि तिच्या भीतीने धरलेला सोमवार.