‘नाही’ म्हटलेल्यांची यादी

‘आमच्या सर्व सन्माननीय ग्राहकांना कळविण्यास अत्यंत आनंद होत आहे की…’ एवढे वाचून झाले की बोट पुढच्या संदेशावर सरकते. दुकानदाराने खरोखरच काही नवे सुरू केलेले असते, आणि ते कदाचित आपल्या उपयोगाचेही असते. पण ते कळण्याआधीच संदेश गेलेला असतो. मग दुकानदार म्हणतो, हल्ली लोक वाचतच नाहीत. लोक वाचतात. आपल्यासाठी लिहिलेले नाही हे पहिल्याच ओळीत उमगले, की मात्र थांबतात.

यावर जो उपाय सर्रास सुचवला जातो, तो मजकूर गोड करण्याचा. ‘प्रिय ग्राहक’ऐवजी नाव घाला, हात जोडलेले चित्र टाका, भाषा घरगुती करा. याने काही साधत नाही. यादीतून आपोआप उचललेले नाव ‘नमस्कार कुलकर्णी सुनीता व्ही.’ असे येऊन बसते आणि उरलासुरला संशयही फिटतो. घाऊकपणा शब्दांच्याही आधी यादीत शिरलेला असतो. सहाशे जणांना एकच मजकूर लिहायचा ठरवला, की त्यात सहाशे जणांना चालेल एवढेच लिहिता येते. म्हणजे जवळजवळ काहीच नाही.

साड्यांना फॉल-पिको आणि पॉलिश करून देणारे एखादे दुकान घ्या. समजा, तिथे आता रेशमी साड्यांचे रफू सुरू झाले आहे. दुकानदाराकडे पावतीपुस्तके आहेत आणि त्यांत काही वर्षांचे फोन नंबर आहेत. हे सगळे नंबर उतरवून काढावेत आणि ‘रफू सुरू’ म्हणून धाडून द्यावे, हा पहिला मोह. पण त्याच पावत्यांच्या मागे किंवा कोपऱ्यात कधी कधी पेन्सिलीने दोन शब्द खरडलेले असतात: ‘घडीवर विरली, तशीच परत’. कित्येक वर्षे एकाच घडीवर ठेवलेली पैठणी त्या घडीच्या रेषेवर झिजते आणि पॉलिशला आली की ते उजेडात येते. तेव्हा दुकानदाराला ‘हे आमच्याकडे होत नाही’ असे सांगावे लागले होते.

नव्या सेवेची बातमी आधी ज्यांना कळायला हवी, ते हेच लोक. त्यांनी मागितले होते, आपण नाही म्हटले होते, आता हो म्हणता येते. त्यांना लिहिणे म्हणजे राहून गेलेले उत्तर देणे. जाहिरातीचा सूर त्यात आणायचा म्हटला तरी येत नाही. सहाशे पावत्यांतून अशा पाच-पंचवीसच निघतील, आणि तेवढ्या पुरतात. रेशमाचे रफू हे धागा धाग्याशी जुळवत बसण्याचे काम आहे. रंगाचा धागा मिळेपर्यंतच कधी कधी दिवस जातो. सहाशेपैकी साठ साड्या एकदम आल्या, तर एकटा कारागीर त्या कधी देणार? तारीख चुकली की बातमी खोटी ठरते.

संदेश असा काहीसा होईल:

‘नमस्कार ताई. शनिपाराजवळच्या फॉल-पिकोच्या दुकानातून लिहितोय. गेल्या उन्हाळ्यात तुमची जांभळी पैठणी पॉलिशला आली होती. पदराजवळ घडीवर विरली होती, ते तेव्हा आमच्याकडे होत नव्हतं. आता रफूचे कारागीर मंगळवारी आणि शुक्रवारी दुकानात बसतात. साडी बघूनच खर्च सांगता येईल, बघायचे पैसे नाहीत. फार विरली असेल तर रफू टिकत नाही, तसं असेल तर तेही सांगू. दुसरीकडे करून घेतली असेल तर हा निरोप सोडून द्या.’

यात पहिली खूण दुकानाची आहे, कारण त्यांनी आपला नंबर जपून ठेवला असेलच असे नाही. मग त्यांची साडी, मग नवी सेवा, आणि तिची मर्यादाही. ‘टिकत नाही’ हे जाहिरात कधी सांगत नाही, म्हणून त्या एका वाक्याने बाकीच्या वाक्यांवर विश्वास बसतो. सवलत मुद्दाम दिलेली नाही. ‘या आठवड्यात वीस टक्के सूट’ एवढे शब्द जोडले, की सगळा निरोप त्या सवलतीसाठीच रचला होता असे वाटू लागते. रंगीत पोस्टरही तेच करते. आणि पावतीवर ‘आईची शेवटची साडी’ असे लिहिलेले असले, तरी ते संदेशात आणू नये. साडी आठवणे ही आस्था आहे, घरातल्या दुःखाची आठवण करून देणे आगाऊपणा. फोन कोणाच्या हातात असेल तेही ठाऊक नसते.

साधनाचीही गंमत आहे. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत जास्तीत जास्त 256 जण बसतात, आणि ज्यांनी आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये जपलेला आहे त्यांनाच तो संदेश पोहोचतो. जुन्या गिऱ्हाइकांपैकी कितींनी तो जपला असेल? नोंदणी करून एसएमएस पाठवावा, तर 2025 च्या दुरुस्तीनंतर प्रचाराच्या संदेशात पाठवणाऱ्याच्या नावापुढे -P लागतो. मजकूर कितीही घरगुती लिहा, कपाळावर ‘प्रचार’ छापूनच तो येतो. शिवाय तो नंबर गिऱ्हाइकाने ‘साडी झाली की कळवा’ म्हणून दिला होता. माहिती ज्या कामासाठी दिली त्याच कामासाठी वापरावी, हे 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे सूत्र. अर्धवट राहिलेल्या त्याच साडीबद्दल लिहिणे त्या कामाच्या निदान जवळचे आहे. सहाशे जणांना धाडलेली द्वाही नाही.

मग उरलेल्या गिऱ्हाइकांचे काय? ज्यांच्या साड्या जुन्या रेशमी आहेत पण ज्यांनी रफूचे कधी विचारले नाही, त्यांना पुढच्या खेपेला साडी हातात घेऊन सांगावे; विरलेली जागा समोर असते. ज्यांनी फक्त सुती साड्यांना फॉल लावून घेतला, त्यांना काहीच पाठवू नये. दारावरची पाटी आणि पावतीच्या तळाशी एक ओळ त्यांना पुरे. मजकूर फसतो तो बहुधा इथेच: पहिल्या गटाला लिहिलेला संदेश चांगला चालला म्हणून तोच थोडा पुसट करून सगळ्यांना धाडला जातो. ‘तुमची जांभळी पैठणी’ची ‘आपली मौल्यवान वस्त्रे’ होतात.

संदेश लागू पडला की नाही, हे उत्तरांवरून कळते. ‘काठही उसवलाय, तो होईल का?’ असा प्रश्न आला, तर तो वाचला गेला. नुसता अंगठा आला, तर तो सभ्यपणे मिटवला गेला. ‘कोण बोलतंय?’ आले, तर पहिली ओळ चुकली. म्हणून एका दिवशी चार-पाचच पाठवावेत आणि आलेल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यावे. लिहून उत्तराला गैरहजर राहणारा दुकानदार पुन्हा घाऊकच ठरतो.

अडचण एकच: बहुतेक दुकानांत झालेल्या कामाची नोंद असते, नाकारलेल्या कामाची नसते. गिऱ्हाईक विचारते, आपण मान हलवतो आणि ते निघून जाते. पुढच्या वर्षी नवी सेवा काढायची असेल, तर आजपासून वहीत एक रकाना वाढवावा: काय मागितले, आणि का नाही म्हटले. पुढे काय सुरू करावे हेही त्याच रकान्यातून कळेल, आणि ते कोणाला कळवावे हेही.