आयव्हाब्राडीन कुणाला, रॅनोलाझीन कुणाला?

मे महिना आला की देशातून आई-वडील येऊ लागतात आणि त्यांच्या सामानात सहा महिन्यांच्या गोळ्यांची एक पिशवी असते. त्या संपत आल्या की मुलांचा फोन येतो, "डॉक्टर, हीच गोळी इथे लिहून द्याल का?" गेली काही वर्षे या पिशवीत दोन नावे वारंवार दिसतात, आयव्हाब्राडीन आणि रॅनोलाझीन. दोन्ही औषधे चांगली आहेत. पण दोन्ही 'वरची' औषधे आहेत, म्हणजे पहिली औषधे पुरी देऊन झाल्यावर जोडायची. माझी तक्रार अशी, की पुष्कळदा पहिले औषध अर्धेच देऊन ही जोडली जातात.

गेल्या उन्हाळ्यात नाशिकहून आलेल्या एका मावशींची गोष्ट सांगतो. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.) वय ६८, पंधरा वर्षांचा मधुमेह, दोन जिने चढले की छातीत दाब. म्हणजे नेहमीचा, स्थिर अंजायना. पिशवीत ॲस्पिरिन, अ‍ॅटोर्वास्टॅटिन, अ‍ॅम्लोडिपिन, दिवसाला २००० मि.ग्रॅ. मेटफॉर्मिन, मेटोप्रोलॉल अवघे २५ मि.ग्रॅ., आणि वर आयव्हाब्राडीन ५ मि.ग्रॅ. व रॅनोलाझीन ५०० मि.ग्रॅ., दोन्ही दिवसातून दोनदा. रक्तदाब १४२/८४, नाडी ५४. इको उत्तम होता. डावा कप्पा दर ठोक्याला आतल्या रक्तापैकी किती टक्के बाहेर टाकतो, तो आकडा, म्हणजे ईएफ, त्यांचा ६० होता.

बोलता बोलता मावशी म्हणाल्या, "रात्री दिवा लावला की डोळ्यांपुढे खरेच काजवे चमकतात हो." घरच्यांनी मोतीबिंदूवर ढकलले होते.

आता आयव्हाब्राडीन काय करते ते पाहू. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात एक छोटी गाठ असते. पुढचा ठोका कधी पडायचा हे ती ठरवते, आणि त्यासाठी तिच्या पेशींत विजेचा एक बारीक प्रवाह सारखा झिरपत असतो. आयव्हाब्राडीन तेवढाच प्रवाह अडवते. नाडी मंदावते, पण रक्तदाब उतरत नाही आणि आकुंचनाचा जोरही कमी होत नाही. बीटा ब्लॉकर, म्हणजे मेटोप्रोलॉलसारखी औषधे, या तिन्हींना लगाम घालतात. हृदयाच्या स्नायूला स्वतःचे रक्त मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विश्रांतीत मिळते. नाडी धिमी झाली की ही विश्रांती लांबते, म्हणून दुखणे कमी होते. डोळ्याच्या पडद्यातही याच जातीची दारे असतात. ती अडली की उजेड एकदम बदलल्यावर चमक दिसते. मावशींचे काजवे ते हेच. (रात्री गाडी चालवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.) एट्रियल फिब्रिलेशनमध्ये ठोक्याचा ताबा त्या गाठीकडे राहतच नाही, तेव्हा ही गोळी निरुपयोगी.

मग मावशींना ती का नको? २०१४ साली सिग्निफाय नावाच्या चाचणीचे निष्कर्ष आले. हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेले, पण हार्ट फेल्युअर नसलेले १९ हजारांवर रुग्ण तीत होते. आयव्हाब्राडीनने नाडी कमी झाली, पण मृत्यू वा हार्ट अ‍ॅटॅक कमी झाले नाहीत. उलट ज्यांना रोजच्या हालचालीत अंजायना होता, त्यांच्यात ते थोडे जास्तच झाले, ६.५ टक्क्यांऐवजी ७.६. त्या चाचणीत डोस नेहमीपेक्षा चढा होता, हे मान्य. युरोपने अंजायनासाठी हे औषध ठेवले, पण अटी घातल्या. नाडी ७० च्या वर असेल तरच सुरू करायचे, आणि तीन महिन्यांत आराम नसेल तर थांबवायचे. अमेरिकेत अंजायनासाठी त्याला मान्यताच नाही. भारतात मात्र त्यासाठी ते सर्रास दिले जाते.

याच गोळीचा दुसरा चेहरा पाहा. आमच्या ओळखीतले एक काका, ईएफ २८, दम लागतो, पायांवर सूज. कार्व्हेडिलॉल १२.५ मि.ग्रॅ. दोनदा यापुढे वाढवता येईना, कारण रक्तदाब ९२/६०. नाडी नियमित, पण ८४. इथे आयव्हाब्राडीनची जागा नेमकी आहे. २०१० च्या शिफ्ट चाचणीत अशाच रुग्णांत हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी इस्पितळात भरती होणे २९ टक्क्यांवरून २४ वर आले. मोठा वाटा इस्पितळ टळण्याचा होता. एफडीएने २०१५ मध्ये मान्यता दिली तीही अशा प्रौढ रुग्णांसाठीच: ईएफ ३५ किंवा कमी, नाडी नियमित आणि ७० किंवा जास्त, आणि बीटा ब्लॉकर सोसेल तितके देऊन झालेले. हे शेवटचे कलम लोक विसरतात. काकांना ५ मि.ग्रॅ. जेवणाबरोबर दोनदा दिले. दोन आठवड्यांनी नाडी ६६ होती, रक्तदाब जागच्या जागी.

रॅनोलाझीनचा मार्ग निराळा. रक्त कमी पडलेल्या स्नायूपेशीत सोडियमची दारे बंद व्हायला उशीर करतात. सोडियम साचला की मागोमाग कॅल्शियम साचतो आणि दोन ठोक्यांमध्ये स्नायू पुरता सैल होत नाही. तो ताठ स्नायू स्वतःच्याच बारीक रक्तवाहिन्या दाबतो. रॅनोलाझीन ही सोडियमची गळती कमी करते. नाडी वा रक्तदाब यांना ती फारसा हात लावत नाही, म्हणून ज्यांची नाडी आधीच मंद किंवा रक्तदाब उतरलेला आहे त्यांना ती सोयीची. पण आयुष्य वाढते असे दिसलेले नाही. मधुमेही रुग्णांच्या २०१३ च्या एका चाचणीत आठवड्याचे अंजायनाचे झटके साध्या गोळीवर ४.३ होते, तर रॅनोलाझीनवर ३.८. फरक खरा आहे, पण जादू नाही.

ईसीजीतला क्यूटी हा काळ ती लांबवते, म्हणून सुरू करण्याआधी आणि नंतर ईसीजी हवा. लिव्हर सिरोसिस असेल तर ती देत नाहीत. गोळी अख्खी गिळायची, कुटायची नाही. बद्धकोष्ठ आणि चक्कर या नेहमीच्या तक्रारी. आपल्या मंडळींसाठी महत्त्वाचे म्हणजे तिचा डोस १००० मि.ग्रॅ. दोनदा केला, तर मेटफॉर्मिन दिवसाला १७०० मि.ग्रॅ. च्या वर नको, कारण ती मेटफॉर्मिनचे रक्तातले प्रमाण वाढवते.

दोन्ही औषधे यकृतातल्या एकाच वाटेने निकाली निघतात. ती वाट क्लॅरिथ्रोमायसिनसारखे अँटिबायोटिक अडवते. खोकल्यासाठी नव्या दवाखान्यात गेलात आणि पिशवी घरी राहिली, तर चार दिवसांत नाडी चाळिशीत येऊन भोवळ येऊ शकते. डिल्टियाझेम व व्हेरापामिल आयव्हाब्राडीनबरोबर टाळायची, आणि रॅनोलाझीन त्यांच्याबरोबर ५०० मि.ग्रॅ. दोनदा याच्या वर नाही. ग्रेपफ्रूटचा रसही दोन्हींबरोबर नको.

मावशींचे आयव्हाब्राडीन मी बंद केले. (हे डॉक्टरांनी करायचे, घरच्यांनी नव्हे.) आठवड्याने नाडी ७६ झाली. मग मेटोप्रोलॉल दोन टप्प्यांत १०० केले. "मधुमेहात ते चालत नाही ना?" असे मुलाने विचारले. साखर खूप उतरली तर धडधडीची सूचना ते झाकते हे खरे, पण मावशी इन्शुलिनवर नव्हत्या. रॅनोलाझीन ५०० वरच ठेवली. ईसीजी ठीक होता.

दोन महिन्यांनी नाडी ६२, काजवे गेले, आणि दुखणे आठवड्यातून एखादे वेळी, तेही चढावर. जिभेखालची गोळी पर्समध्ये असते. परत जाताना त्यांनी नाशिकच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी मागितली. मी इकोची प्रत जोडली आणि एवढेच लिहिले, की ईएफ ६० आहे, हार्ट फेल्युअर नाही, म्हणून आयव्हाब्राडीन थांबवले. पुढे अंजायना वाढला तर ईसीजी पाहून, मेटफॉर्मिन कमी करून मग रॅनोलाझीन वाढवावी.