हरकत ऐकली, म्हणजे काय केले?

सिंगूरची जमीन शेतकऱ्यांना परत द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 31 ऑगस्ट 2016 रोजी दिला. या निकालातला सर्वांत बोलका भाग त्यावरच्या राजकीय गुलालात दिसेनासा झाला. खंडपीठावर न्या. व्ही. गोपाल गौडा आणि न्या. अरुण मिश्रा हे दोनच न्यायमूर्ती होते, आणि मुख्य प्रश्नावर त्यांचे एकमत झाले नव्हते. टाटांच्या मोटार कारखान्यासाठी 997 एकर जमीन घेणे हे ‘सार्वजनिक प्रयोजन’ आहे का? न्या. गौडा म्हणाले, नाही. जमीन एका कंपनीसाठी घेतली गेली आणि 1894 च्या कायद्यात कंपनीसाठी जी वेगळी, अधिक कडक प्रक्रिया होती ती टाळली गेली. न्या. मिश्रांना हे पटले नाही. राज्यात उद्योग यावा, रोजगार वाढावा म्हणून सरकारी महामंडळाने सरकारी पैशाने जमीन घेतली तर ते सार्वजनिक प्रयोजनच, असे त्यांनी लिहिले. तरीही दोघांनी मिळून संपादन रद्द केले. कारण हरकतींची सुनावणी हा देखावा होता, याबद्दल दोघांचे दुमत नव्हते.

भूसंपादनावरच्या सध्याच्या वादात नेमका हा मुद्दा हरवतो. आपल्याकडे मोर्चे निघतात ते ‘हा विकास कुणासाठी’ या प्रश्नावर, आणि तडजोडी होतात त्या भावावर. न्यायालयात मात्र पहिला प्रश्न क्वचितच टिकतो. सार्वजनिक प्रयोजन म्हणजे काय हे ठरवण्याचा अधिकार प्रामुख्याने सरकारचा, अधिकाराचा उघड गैरवापर दिसला तरच आम्ही हात घालू, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने 1960 च्या दशकापासून घेतली आहे. रस्ता, धरण, विमानतळ, औद्योगिक वसाहत यांपैकी काहीही या व्याख्येत बसते. मग खातेदाराच्या हाती उरते काय? आपले म्हणणे ऐकून घेतले जाण्याचा आणि ते का नाकारले याचे कारण मिळण्याचा हक्क.

सिंगूरमध्ये या हक्काचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. जुलै 2006 मध्ये जमीन घेण्याचा इरादा जाहीर करणाऱ्या अधिसूचना निघाल्या. त्या वेळच्या कायद्याच्या कलम 5 अ प्रमाणे 30 दिवसांत हरकत घेता येत होती. शेतकऱ्यांनी हरकती घेतल्या. ऑगस्टअखेर संपादनाची अंतिम घोषणा झाली आणि सप्टेंबरात निवाडेही जाहीर झाले. मात्र जागा कोणती, हे अधिसूचनेपूर्वीच कंपनी आणि सरकार यांच्यात ठरून गेले होते. त्यामुळे सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्याला दुसरी जागा सुचवण्याची मुभा व्यवहारात उरलीच नव्हती. त्याने हरकती यांत्रिकपणे फेटाळल्या आणि सरकारनेही स्वतंत्र विचार न करता त्यावर शिक्का मारला, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला. अनेक पिके घेणारी जमीन सोडून पडीक जमीन का घेत नाही, या प्रश्नाला कागदावर उत्तरच नसेल, तर ते प्रकल्प कितीही चांगला असला तरी भरून निघत नाही.

या पोकळ सुनावणीची किंमत पुढे सगळ्यांनी मोजली. 2008 मध्ये कंपनी साणंदला गेली. शेतकऱ्यांना दहा वर्षांनी जमीन मिळाली ती काँक्रीट आणि राडारोड्यासह. ती पुन्हा पिकाखाली आणणे अनेकांना जमले नाही. आणि 2023 मध्ये लवादाने कंपनीला 765 कोटींहून अधिक भरपाई व्याजासह द्यायला पश्चिम बंगालच्या औद्योगिक महामंडळाला सांगितले. प्रक्रियेने कामे रखडतात, असे मंत्रालयात उठता-बसता ऐकू येते. प्रक्रिया गुंडाळल्याने काय होते त्याचा हा हिशेब.

मोबदला चांगला दिला की बाकीचे प्रश्न मिटतात, हा समजही तपासायला हवा. 2013 च्या भूसंपादन कायद्याचे सूत्र उदार आहे यात शंका नाही. एकरी बाजारमूल्य 20 लाख धरले आणि ग्रामीण भागासाठीचा कमाल गुणक 2 लावला, तर 40 लाख होतात. त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम मिळून 80 लाख. झाडे, विहीर, घर यांचे मूल्यही यात मिळवले जाते. पण सगळी इमारत त्या पहिल्या 20 लाखांवर उभी आहे. हा आकडा रेडीरेकनरवरून किंवा आधीच्या तीन वर्षांतल्या नोंदलेल्या खरेदीखतांवरून येतो. खरेदीखतांपैकी चढ्या भावाची निम्मी घेऊन त्यांची सरासरी काढतात. मुद्रांक शुल्क वाचवण्यासाठी गावोगाव खतात कमी रक्कम लिहिण्याची रीत आहे. तिचा फटका संपादनाच्या वेळी चारपट होऊन बसतो. शिवाय मोबदला सातबाऱ्यावर नाव असलेल्याच्या खात्यात जातो. वारसनोंद रखडलेली बहीण किंवा तोंडी वाट्याने कसणारा शेतकरी यांचा पत्ता निवाड्यात लागेलच असे नाही. ही माणसे पुढे येण्याची जागा पुन्हा सुनावणी हीच.

महाराष्ट्राने 2018 मध्ये जे केले ते या पार्श्वभूमीवर अधिक खटकते. दुरुस्ती करून राज्य महामार्ग, औद्योगिक विकास, नगररचना आणि गृहनिर्माण या चार राज्य कायद्यांखालचे संपादन 2013 च्या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवले गेले. मोबदल्याचे सूत्र त्यांना लागू राहिले. सामाजिक परिणामांचा आगाऊ अभ्यास आणि हरकतीसाठीची 60 दिवसांची मुदत मात्र गेली. पैसे ठेवले, प्रश्न विचारण्याची सोय काढून घेतली, असा हा सौदा आहे. पुरंदरच्या नियोजित विमानतळासाठी सात गावांची जमीन औद्योगिक विकास महामंडळाच्या 1961 च्या कायद्याखाली घ्यायची ठरली ती याच वाटेने.

तरी त्या कायद्यातही एक दार उघडे आहे. कलम 32 (2) प्रमाणे जमीनमालकाला ‘जमीन का घेऊ नये’ अशी नोटीस द्यावी लागते आणि त्याचे म्हणणे ऐकल्यावरच पुढचा आदेश निघतो. मे 2024 मध्ये कोलकाता महापालिकेच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने राज्यघटनेच्या अनुच्छेद 300 अ मधून सात हक्क उलगडून दाखवले. नोटीस, सुनावणी आणि सकारण निर्णय हे त्यांतले पहिले तीन. मोबदल्याचा क्रम त्यानंतर येतो. संपादन कोणत्याही कायद्याखाली असो, घटनेचे हे बंधन सुटत नाही.

तेव्हा सरकारने 32 (2) च्या प्रत्येक हरकतीवर स्वतंत्र, सकारण आदेश काढावा आणि तो मराठीत खातेदाराच्या हाती द्यावा. शंभर हरकतींना एकच छापील उत्तर नको. कोणत्या पर्यायी जागा पाहिल्या आणि त्या का सोडल्या, याचा अहवाल सुनावणीच्या आधी ग्रामपंचायतीत ठेवावा. सुनावणी एक अधिकारी घेतो आणि निर्णय न ऐकलेला दुसराच करतो. म्हणून ऐकणाऱ्याचा अभिप्राय निर्णयाला जोडलेला असावा, आणि तो डावलला तर डावलण्याचे कारणही तिथेच लिहिलेले असावे. यासाठी विधिमंडळात विधेयक आणण्याची गरज नाही. महसूल आणि उद्योग विभागांचे एक परिपत्रक पुरेल.