न लिहिलेली ओळ

मायकेल फॅगन यांनी आयबीएममधली इन्स्पेक्शनची पद्धत 1976 मध्ये प्रसिद्ध केली. सापडलेल्या प्रत्येक दोषासमोर तीनपैकी एक खूण करायची, असा त्यांचा नियम होता: काही चुकीचं आहे, काही जास्तीचं आहे, की काही राहून गेलं आहे. पुल रिक्वेस्टवर शेरे लिहिणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांनी ही वर्गवारी सोडून दिली आहे. तिच्यासोबत काय सुटलं, ते 2014 सालच्या दोन प्रकरणांतून नीट दिसतं.

पहिलं ॲपलचं. सर्व्हरची सही तपासणाऱ्या फंक्शनमध्ये हा भाग होता:

```c
if ((err = SSLHashSHA1.update(&hashCtx, &signedParams)) != 0)
    goto fail;
    goto fail;
if ((err = SSLHashSHA1.final(&hashCtx, &hashOut)) != 0)
    goto fail;
```

दुसरा `goto fail` दिसतो `if` च्या आत, पण महिरपी कंस नसल्याने तो बाहेर आहे आणि दर वेळी चालतो. तोपर्यंत सगळं सुरळीत झालेलं असल्यामुळे `err` मध्ये शून्य असतं. `fail` या लेबलापाशी साफसफाई होऊन तेच शून्य परत जातं, म्हणजे ‘सही बरोबर’. प्रत्यक्ष सही पडताळण्याची ओळ त्याखाली होती. तिथवर कोणी पोहोचतच नव्हतं. खऱ्या सर्व्हरशी जोडून घेतलेली प्रत्येक चाचणी पास होणार, कारण खऱ्या सहीलाही उत्तर ‘बरोबर’ असंच यायला हवं. मुद्दाम खोटी सही देणारी चाचणी असती, तरच हे चालवून कळलं असतं. हा फॅगन यांचा ‘जास्तीचा’ दोष. डोळ्यासमोर असूनही तो निसटतो, कारण इंडेंटेशन पाहून आपण अर्थ गृहीत धरतो.

इन्स्पेक्शनमधला ‘वाचक’ अशाच जागी कामाला येतो. तो कोड नुसता बघत नाही, बैठकीत प्रत्येक विधानाचा अर्थ स्वतःच्या शब्दांत सांगतो: “अपडेट फसलं तर फेलकडे जा. मग… फेलकडे जा.” इथे तो अडखळतो आणि मॉडरेटर नोंद करतो. वॉकथ्रूमध्ये कोड लिहिणाराच तो समजावून सांगतो. नव्या माणसाला मॉड्यूलची ओळख करून द्यायला ते उत्तमच, पण लेखक आपल्या मनात काय होतं ते सांगतो आणि ऐकणारे माना डोलावतात. म्हणून वाचक लेखकाहून वेगळा असावा, याबाबत आम्ही आग्रही आहोत.

दुसरं प्रकरण हार्टब्लीडचं. ओपनएसएसएलमध्ये समोरून आलेला संदेश तसाच परत पाठवायचा होता. त्याची लांबी पाठवणाराच सांगे:

```c
n2s(p, payload);
pl = p;
/* ... */
memcpy(bp, pl, payload);
```

यातली कुठलीही ओळ सुटी पाहिली तर तिच्यात खोट दिसत नाही. सांगितलेली लांबी आणि खरोखर आलेले बाइट यांची तुलनाच केलेली नव्हती. त्यामुळे एक बाइट पाठवून 64 केबीपर्यंत मागता येत होतं आणि शेजारच्या मेमरीत जे असेल ते हाती लागत होतं. हा कोड दुसऱ्या माणसाच्या नजरेखालून गेला होता, तरी दोन वर्षांहून अधिक काळ प्रसिद्ध आवृत्त्यांत राहिला. इथे नुसतं मोठ्याने वाचूनही भागलं नसतं. हिरव्या-लाल ओळींच्या तुलनेत जे लिहिलंच नाही ते उमटत नाही.

त्यावर उपाय म्हणजे शेजारी प्रमाण दस्तऐवज उघडा ठेवणं. संदेश परत पाठवण्याच्या या सोयीचं मानक म्हणजे आरएफसी 6520. लांबीचा आकडा प्रमाणाबाहेर असेल तर संदेश गुपचूप टाकून द्यावा, असं त्यात स्पष्ट बजावलं आहे. तयारीच्या वेळी एका तपासनिसाने फक्त मानक वाचत जायचं आणि त्यातल्या प्रत्येक ‘द्यावा’, ‘नसावा’पुढे कोडची ओळ लिहायची. जिथे ओळ सापडत नाही तिथे दोष. काम कंटाळवाणं आहे, पण राहून गेलेलं असंच सापडतं.

अर्थात हे महाग पडतं. इन्स्पेक्शनचा वेग ताशी शे-दीडशे ओळींचा; बैठक दोन तासांपलीकडे नेली की नजर थकते. तीन हजार ओळींचं मॉड्यूल दीडशेच्या वेगानेही वीस तास घेणार, म्हणजे दहा बैठका. चार माणसं धरली तर ऐंशी मनुष्य-तास, तयारी वेगळी. शिवाय भार वाढल्यावर येणारी संथपणाची किंवा दुसऱ्या सिस्टमशी जोडताना निघणारी गोची वाचून फारशी कळत नाही. ती चालवूनच बघावी लागते. सगळ्या कोडचं इन्स्पेक्शन करा, असा सल्ला म्हणूनच आम्ही देणार नाही. सापडलेल्या दोषांची संख्या कोणाच्या वार्षिक मूल्यमापनात मात्र कधीही जाऊ देऊ नका. तसं झालं की नोंदी आटतात.

पुढच्या रिलीजमधला बाहेरून आलेला डेटा स्वीकारणारा किंवा कोणाला आत सोडायचं ते ठरवणारा एकच भाग निवडा. वाचक लेखकाहून वेगळा नेमा, एकाच्या हाती फक्त स्पेसिफिकेशन द्या, आणि नोंदवहीत ‘राहून गेलेलं’ हा रकाना आखा. त्यात काय सापडलं ते आम्हाला जरूर कळवा.